त्याच्या पेन्सिलीला हात लावू नये

जूनच्या मध्यावर महाराष्ट्रातल्या शाळा उघडतात. विदर्भात ऊन ओसरायची वाट पाहत थोड्या उशिरा उघडतात. त्या दिवसांत घरोघरच्या फोनवर एकाच घडणीचे फोटो दिसू लागतात. पोराचा भांग चापूनचोपून पाडलेला असतो, गळ्यात पाण्याची बाटली, अंगापेक्षा दोन मापं मोठा रेनकोट आणि पाठीवर अजून दुमडसुद्धा न पडलेलं दप्तर. जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रवेशोत्सव असतो. तिथे पोरांच्या हातात गुलाबाचं फूल असतं, कपाळाला कुंकू असतं, एखाद्या गावात बैलगाडीतून मिरवणूकही निघते. फोटो आई नाहीतर बाबा काढतात. मात्र घरात मोठी बहीण असेल, तर फोटोखाली काय लिहायचं ते तीच ठरवते. आईच्या फोनवरून स्टेटस जातं, पण त्यातला आवाज ताईचा असतो आणि तो लगेच ओळखू येतो.

त्या आवाजात दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. ती भावाची खेचत असते आणि त्याच वाक्यात त्याच्यापुढे आडवी उभीही असते. हे जमवणं सोपं नाही. जमलं तर त्या चार ओळी फोटोपेक्षा जास्त टिकतात, आणि फसलं तर सहा वर्षांच्या पोराला वर्षभर पुरेल असं टोपणनाव शाळेच्या फाटकापर्यंत पोचतं. माझ्या आठवीतल्या भाचीनं गेल्या जूनमध्ये तिच्या पहिलीत निघालेल्या भावासाठी अशा ओळी लिहिल्या, तेव्हा मी शेजारीच बसले होते. तिनं काय लिहिलं, काय खोडलं आणि का, ते इथे सांगते. त्यातूनच ही कारागिरी कळते.

आधी ताईची जागा समजून घ्यायला हवी. आईबाबांना शाळा बाहेरून ठाऊक असते. फी, गणवेशाचं दुकान, रिक्षावाल्या काकांचा नंबर इथपर्यंत त्यांची माहिती. ताईला शाळा आतून ठाऊक असते. कोणत्या नळाला पाणी येत नाही, मधल्या सुट्टीत मोठी मुलं कुठे धावतात आणि लहानांना कुठे धक्के बसतात, कोणत्या बाई ओरडतात पण मारत नाहीत, हे सगळं तिनं भोगून झालेलं असतं. भाऊ जिथे जातोय तिथे काय काय आहे याची खरी कल्पना घरात फक्त तिला असते. म्हणून तिची काळजी आईच्या काळजीसारखी पसरट नसते. ती नेमकी असते. पण तेरा वर्षांची मुलगी ‘मला तुझी काळजी वाटते’ असं चारचौघांत लिहीत नाही. ती चेष्टा करते.

आपल्याकडे याला फार जुना आधार आहे. गोड दिसणाऱ्या बाळाच्या गालावर आपण काजळाची तीट लावतो. पोराचं तोंडभर कौतुक करायचं नाही, केलं तर लगेच दृष्ट काढायची. मुलं जगत नसत अशा घरांमध्ये पुढच्या मुलाचं नाव धोंडू, दगडू, भिकू, केरू असं ठेवत, म्हणजे वाईट नजरेला त्यात घेण्यासारखं काही वाटू नये. प्रेमाच्या माणसाला मुद्दाम थोडं कमी दाखवायचं आणि तेवढ्यानं त्याला झाकायचं, ही रीत आपल्या घरांत मुरलेली आहे. ताईची चेष्टा म्हणजे शब्दांची तीट. पण तीट एवढीशीच असते. गालभर काजळ फासलं की पोरगं विद्रूप दिसतं.

भाचीचा पहिला मसुदा असा होता: ‘अखेर आमच्या घरातली रडूबाई शाळेत निघाली! सकाळपासून तीन वेळा भोकाड. देव त्या बाईंचं भलं करो.’ पुढे हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

घरात हे वाक्य तिनं उच्चारलं असतं तर काही बिघडलं नसतं. चेष्टेचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि त्यांचे सहकारी यांनी 2001 मध्ये एक मांडणी केली. त्यांच्या मते चेष्टेत एक डिवचणं असतं आणि त्याच्या जोडीला ‘हे खरं धरू नकोस’ असं सांगणाऱ्या खुणा असतात. आवाज लांबवणं, सुरात बोलणं, भुवई उडवणं, अवाच्या सवा वाढवून सांगणं, अशा त्या खुणा. ताई ‘रडूबाऽऽई’ म्हणते तेव्हा तिचा हात त्याच्या डोक्यावरून फिरत असतो, त्याच्या शर्टाची कॉलर ती नीट करत असते. डिवचणं तोंडात असतं आणि खुणा हातांत. फोनवर लिहिलं की हात गळून पडतात आणि डिवचणं तेवढं उरतं. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावून ती जागा भरत नाही, कारण तो हसरा चेहरा ‘मी तुझ्याबरोबर हसतेय’ हेही सांगतो आणि ‘तुला हसतेय’ हेही.

शिवाय चेष्टा करणाऱ्याला स्वतःचा हेतू आतून माहीत असतो. ज्याची चेष्टा होते त्याच्यापर्यंत फक्त शब्द येतात. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. चेष्टा करणाऱ्यांना आपली चेष्टा जितकी निरुपद्रवी वाटते, तितकी ती ऐकणाऱ्यांना वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही दरी आणखी रुंद असते. बोलणारा जे म्हणतो त्याच्या उलट त्याला म्हणायचं आहे, हे मुलांना साधारण पाच-सहा वर्षांपासून कळू लागतं, पण त्यातली गंमत कळायला आणखी काही वर्षं जातात. मधल्या काळात ‘देव त्या बाईंचं भलं करो’ याचा त्याच्यापुरता अर्थ एवढाच की आपण बाईंना त्रास देणारे आहोत. पहिल्या दिवशी वर्गात शिरताना पोरानं हे सोबत नेऊ नये.

पण त्या मसुद्यातली सगळ्यात मोठी चूक ‘रडूबाई’ ही होती. त्याच्या शाळेतल्या मुलांच्या आया भाचीच्या आईच्या संपर्कात आहेत. एकीनं जरी स्टेटस पाहून स्वयंपाकघरात हसत वाचून दाखवलं, तरी दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारी बसणाऱ्या पोराला नाव मिळालं. आणि नाव चिकटतं. सुझन गेलमन आणि गेल हेमन यांनी 1999 मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. काही मुलांना सांगितलं, एक मुलगी गाजरं खूप आवडीनं खाते, मिळतील तेव्हा खाते. काहींना तेच सांगून पुढे जोडलं की ती ‘गाजरखाऊ’ आहे. ज्यांनी हे नाम ऐकलं, त्या मुलांना वाटलं की ही सवय तिच्यात अधिक पक्की आहे, ती मोठी झाल्यावरही तशीच राहील, कुणी अडवलं तरी राहील. केलं ते सांगितलं तर ते आजच्यापुरतं राहतं. नाव ठेवलं की ते माणसाचा स्वभाव होऊन बसतं. पहिलीच्या वर्गातल्या मुलांचं वय नेमकं हेच आहे.

मुलग्याला ‘रडूबाई’ म्हणण्यात आणखी एक काटा आहे. रडणं हे बायकांचं काम, असं एक मुलगी आपल्या भावाला शिकवते आहे. पहिल्या दिवशी रडणारं पोर आपल्या माणसांपासून दूर जायचं दुःख व्यक्त करत असतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि त्यावर हसू नये, असं मला मनापासून वाटतं. भाचीला मी एवढंच विचारलं, ‘तू पहिल्या दिवशी रडली होतीस का गं?’ ती म्हणाली, ‘मावशी, मी तर आईची साडीच सोडत नव्हते.’ मग तिनं स्वतःच ते वाक्य खोडलं.

दुसरा मसुदा दुसऱ्या टोकाला गेला: ‘माझा जीव, माझं काळीज, आज पहिल्यांदा माझ्यापासून दूर. खूप मोठा हो बाळा.’ यात खोटं काही नव्हतं. पण हे कुठल्याही बहिणीनं कुठल्याही भावाच्या फोटोखाली चिकटवता आलं असतं. ‘आमचा वाघ’, ‘शाळेत नवा राजा’ ही तयार वाक्यं याच जातीची. तो मुलगा त्यात दिसत नाही, आणि ताईही दिसत नाही. ‘बाळा’ म्हणणारी ताई म्हणजे आईची नक्कल झाली. त्यात खोडी कुठेच नाही, म्हणून काळजीही खरी वाटत नाही.

मी तिला म्हटलं, फोटोत जे दिसतं ते सोड. फोटो काढायच्या आधीच्या तासाभरात काय काय झालं ते सांग. मग तिचं तोंड सुरू झालं. बूट तीनदा काढून तीनदा घातले, कारण चिकटपट्टीचा चर्रर आवाज त्याला आवडतो. डबा घरातच उघडून पाहिला, पोळीचा लाडू आहे की नाही याची खात्री करायला. ‘बाईंना सांगणार आहे, मला सगळं येतं’ असं त्यानं आजीला जाहीर केलं. त्याच्या कंपासपेटीतली पेन्सिल तिची आहे, मागच्या वर्षी चित्रकलेच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेली. ती तिनं कुणालाही वापरू दिली नव्हती. सकाळी कुणाला न सांगता तिनं ती त्याच्या पेटीत ठेवली होती.

पेन्सिलीचं ऐकलं आणि मला वाटलं की ओळी सापडल्या. सगळी काळजी त्या पेन्सिलीत होती आणि ‘काळजी’ हा शब्द कुठेच आला नव्हता.

आता प्रश्न सुराचा होता. मराठीत लहानग्याची प्रेमानं खेचायची एक खास पद्धत आहे, ती म्हणजे त्याला अहोजाहो करणं. ‘साहेब उठले. साहेबांनी दूध नाकारलं. स्वारी आता मोज्यांवर रागावली आहे.’ तीन फुटी माणसाला आदरार्थी क्रियापद लावलं की हसू येतं, पण तो लहान होत नाही. उलट थोडा उंचच होतो. वर त्यातला खेळ त्यालाही कळतो, कारण घरात त्याला ‘या साहेब’ म्हटलं की तोही ऐटीत चालून दाखवतो. बोलताना आवाज आणि हात जे काम करतात, ते लिहिताना हे बहुवचन करतं. खोटा मान इतका उघड असतो की ‘हे गमतीनं चाललंय’ हे वेगळं सांगावं लागत नाही. फक्त हा सूर अधूनमधून यावा. प्रत्येक वाक्यात साहेब आले तर ते नाटक होतं आणि खऱ्या पोराचा चेहरा पुसला जातो.

अखेर तिनं लिहिलं ते असं:

‘साहेब आज पहिलीत निघाले. बूट तीनदा काढले, तीनदा घातले. डबा शाळेत पोचायच्या आधीच तपासला. बाईंना सांगणार आहेत म्हणे, मला सगळं येतं. येत नाही. पण शिकेल, आणि मधल्या सुट्टीत मी खाली येऊन बघणार आहे. तोवर त्याच्या पेन्सिलीला कुणी हात लावू नये. ती माझी आहे.’

या ओळी का चालतात ते पाहू. यात त्याच्यावर एकही नाव चिकटवलेलं नाही, आहे ते सगळं त्यानं केलेलं आहे, आणि तेही असं की जे त्याच्या वयाची सगळीच मुलं करतात. उद्या वर्गातल्या कुणी ‘तू बूट तीनदा घातलेस’ म्हटलं तरी त्यातून चिडवणं तयार होत नाही. सगळ्यात धारदार शब्द ‘येत नाही’ हे दोन. ते ठामपणे, ताईच्या अधिकारानं येतात, आणि लगेच ‘पण शिकेल’ येतं. याच जागी ती ‘साहेब निघाले’ सोडून एकेरीवर येते. खेळ संपतो आणि बहीण बोलू लागते. हे तिनं ठरवून केलं नव्हतं, पण मी तिला ते बदलू दिलं नाही. शेवटची धमकी सगळ्या शाळेला आहे, पण पेन्सिलीच्या नावाखाली. वाचणाऱ्याला कळतं की ही पेन्सिलीबद्दल बोलत नाहीये. भावाला मात्र एवढंच कळतं की ताई मधल्या सुट्टीत येणार आहे. त्या दिवशी त्याला तेवढंच कळायला हवं होतं.

या ओळींत आणखी एक गोष्ट आहे, जी चांगल्या चेष्टेत जवळपास नेहमी सापडते. ताई स्वतः चित्रात आहे. फक्त त्याच्याकडे बोट दाखवून ती बाजूला उभी राहिलेली नाही. तिची पेन्सिल, तिची मधली सुट्टी, तिची कंजुषी, सगळं उघड्यावर आहे. वाचणारा हसतो तो दोघांना. आपल्या जात्यावरच्या ओव्यांमध्येही बहीण भावाबद्दल गाते तेव्हा स्वतःला वगळत नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुढाकार घेऊन गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत भावावरच्या ओव्या भरपूर आहेत. भावाचं येणं, त्याची चाल, त्याची गाडी यांचं वर्णन करताना वाट पाहणारी बहीण त्याच ओवीत असते. फरक एवढाच की तिथली बहीण बहुधा सासरी असते आणि भाऊ तिच्याकडे येतो. इथे बहीण अजून घरातच आहे आणि निघाला आहे तो भाऊ.

ओळी झाल्या, पण काम संपलं नव्हतं. कारण ताईची राखण फक्त शब्दांत राहून चालत नाही. फोटो मोठा करून पाहिला तर गळ्यातल्या ओळखपत्रावर शाळेचं नाव, त्याचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि आईचा फोन नंबर स्वच्छ वाचता येत होता. मागे उभ्या रिक्षाचा नंबरही दिसत होता. खिशावर शाळेचं बोधचिन्ह होतं. अनोळखी माणसानं मुलाशी ओळख असल्याचं भासवायला एवढं पुरतं, कारण नाव, बाई आणि रिक्षा सांगणाऱ्या काका-मामांवर सहा वर्षांचं मूल विश्वास ठेवतं.

भाचीनं आधी फोनमधल्या मार्करनं ओळखपत्रावर रेघोट्या मारल्या. ते पुरेसं नसतं. काही फोनमधला मार्कर अर्धपारदर्शक असतो, त्यावर कितीही वेळा फिरवला तरी उजेड वाढवून पाहिलं की खालची अक्षरं वर येतात. म्हणून तिनं फोटो छातीच्या वर कापला. ते करून पाहिल्यावर बाटली आणि दप्तर गेलं, फोटोतला जीवच गेला. शेवटी सोपा उपाय केला. त्याला परत दारात बोलावलं, ओळखपत्र शर्टाच्या आत सरकवलं, खिशावर रेनकोट ओढला, रिक्षा पुढे जाऊ दिली आणि पुन्हा फोटो काढला. फोटो काढायच्या आधी अर्धा मिनिट घालवलं की नंतरची झाकाझाक करावीच लागत नाही. ओळींमध्येही तिनं त्याचं नाव घातलं नाही. ‘साहेब’ या शब्दानं तेही काम करून टाकलं होतं.

मग स्टेटस कोण पाहणार हा प्रश्न. आईच्या फोनमध्ये नातेवाईक असतात तसे गॅस दुरुस्त करणारे, जुने भाडेकरू, एकदाच बोलणं झालेले दुकानदारही असतात. व्हॉट्सॲपवर स्टेटसच्या गोपनीयतेत तीन पर्याय आहेत: My contacts, My contacts except... आणि Only share with... . पहिला पर्याय ठेवला तर फोनबुकात साठवलेल्यांपैकी ज्यांच्याकडे तुमचाही नंबर आहे त्या सगळ्यांना ते दिसू शकतं. भाचीच्या आईनं तिसरा निवडला आणि घरची माणसं टिकमार्क केली. त्याच्या वर्गातल्या मुलांच्या आया त्यात घेतल्या नाहीत, हा निर्णय भाचीचा. ‘त्यांना बूट कळायची गरज नाही,’ ती म्हणाली. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जातं हे खरं, पण तेवढ्या वेळात कुणीही स्क्रीनशॉट घेऊ शकतं, आणि घेतलेला कळतही नाही. म्हणून यादी आधी छोटी करणं हाच खरा बंदोबस्त.

पाठवायच्या आधी एक पायरी राहिली होती, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला वाचता येत नव्हतं. भाचीनं त्याला जिन्याच्या पायरीवर बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं, लिहिताना मनात होता त्याच सुरात. अशा वाचनात ओळींची खरी परीक्षा होते. पोरगं खाली पाहू लागलं, आईच्या मागे सरकलं किंवा ‘नको ना’ म्हणालं, तर ते वाक्य काढायचं. कारण विचारायचं नाही, वादही घालायचा नाही. ते हसलं पण हसताना इतरांकडे बघत राहिलं, तरीही काढायचं. इतर हसतात म्हणून आपणही हसायला हवं, हे मुलांना फार लवकर कळतं.

त्यानं ‘साहेब’ शब्दावर मान ताठ केली. ‘येत नाही’ला तो ओरडला, ‘येतं! मला शंभरपर्यंत येतं!’ भाचीनं लगेच त्याला म्हणायला लावलं. एकोणतीसनंतर तो थेट चाळीसवर गेला. तिनं वाक्य काढू का विचारलं तर तो म्हणाला, ‘राहू दे, पण मी काय म्हणालो ते पण लिही.’ पेन्सिलीबद्दल मात्र त्याची ठाम हरकत होती. पेटीत आहे म्हणजे त्याची. यावर दोघांचं जिन्यातच भांडण झालं, रिक्षा दोनदा वाजली, आणि शेवटी ओळींखाली एक ओळ वाढली: ‘साहेबांचं म्हणणं: पेन्सिल माझी आहे, ताईनं स्वतः ठेवली आहे.’

ही ओळ भाचीला सुचली नसती आणि मलाही नाही. ती आल्यावर चेष्टा दोन्ही बाजूंनी झाली. स्टेटस दुसऱ्या दिवशी गेलं, पण त्याआधी तिनं सगळा मजकूर वहीत उतरवून घेतला. वर तारीख, इयत्ता पहिली, आणि दाराच्या चौकटीला लावून मोजलेली त्याची उंची. फोटोची छापील प्रत आली की ती त्याच पानावर चिकटवायची आहे. दुसरीच्या पहिल्या दिवशी त्याला स्वतःला वाचता येईल, तेव्हा ताईनं काय लिहायचं हे तोच तपासणार आहे, असं त्यानं आताच बजावून ठेवलं आहे.